बॅनरवरची हळद

दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि डोळे मिटले, की मला पिवळं दिसतं. लिंबाचं नाही, झेंडूचंही नाही. नुकत्याच दळलेल्या हळदीचं, ज्यात थोडी माती आहे आणि थोडं ऊन. मग त्याच्या शेजारी लाल येऊन बसतं. दोन्ही ढीग हळूहळू वाढत जातात, मी त्यांच्या मधल्या वाटेनं चालत असते, घाई कसलीच नसते, आणि लांब कुठंतरी डंकाची मुसळं धप्प धप्प पडत असतात. तेवढ्यात फोन वाजतो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आजच्या आज हवा असतो, आणि माझं डोकं फिरतं.

कराडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करते, फोटो लागला तर तोही मीच काढते, आणि छापायचं मशीन चाचा चालवतात. चाचा माझ्या आधीपासून या धंद्यात आहेत, त्यामुळं मालकीण मी असले तरी मशीनच्या खोलीत त्यांचंच चालतं. आमच्या धंद्याची एक रीत आहे. रंग चढवून द्यायचा. बॅनर उंचावर टांगला जातो, उन्हात तापतो, महिन्याभरात उडतो, म्हणून आधीच दीडपट भडक छापायचा. पुढाऱ्याचे गाल गुलाबी, नवरीची हळद केशरी, मागचं आभाळ निळं गर्द. गिऱ्हाईक खूश, चाचा खूश. मीही वर्षानुवर्षं डोळे झाकून तेच करत आले. नाकावर राग असलेली माणसं फार चोख असतात असा लोकांचा समज आहे. मी रागीट आहे आणि चांगली आळशीही आहे.

काकूंचा बॅनर मी असाच केला होता. काकू म्हणजे कोरेगावच्या अलीकडच्या एका गावातल्या. त्यांच्याकडं मिरची कुटायचा डंक आहे. लोखंडी उखळं, वरून विजेवर पडणारी मुसळं, आणि उन्हाळा लागला की आसपासच्या चार गावांच्या बायका वर्षाची चटणी कुटून न्यायला दारात बसलेल्या. नवरा गेल्यावर काकूंनी गावातल्या पाच-सहा बायका हाताशी धरल्या आणि आपल्याच हळदीच्या, लाल तिखटाच्या, कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्या बांधायला घेतल्या. साताऱ्याला दरवर्षी बचत गटांचं प्रदर्शन भरतं, तिथं पहिल्यांदा गाळा मिळाला, तेव्हा त्या बॅनर करायला माझ्याकडं आल्या. मी इंटरनेटवरून मिरचीचा एक ढीग उचलला, हळदीचा एक उचलला, दोन्ही भडक केले, मधोमध त्यांच्या मसाल्याचं नाव टाकलं. अर्ध्या तासाचं काम.

प्रदर्शनात काय झालं ते मला वर्षभरानं कळलं. काकूंनी बॅनरच्या खालीच परातीत हळद आणि तिखट उघडं मांडलं होतं. बायका वर बघत, मग खाली बघत. वरची मिरची कुंकवासारखी लाल, खालची खरी मिरची जराशी तपकिरी, कारण तिच्यात रंग घातलेला नव्हता. कुणी म्हणालं माल गेल्या सालचा दिसतो. कुणी म्हणालं फोटो एक आणि पुडीत भलतंच. तीन दिवस उभं राहून काकू बहुतेक पुड्या परत घेऊन गावी गेल्या.

यंदा मार्चमध्ये त्या पुन्हा दुकानात आल्या. खुर्चीवर बसल्या, पदरानं मान पुसली, पाणी प्याल्या. प्रदर्शनात झालेलं सगळं सांगितलं, पण मला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणाल्या, "या खेपेला हाय तसं दाव, पोरी. माझी हळद जशी हाय तशी. मिरची जशी हाय तशी. बायका म्हणत्यात, औंदा पुड्या माघारी आल्या तर बास. मग डंक इकायचा आन् मी पुण्याला ल्येकाकडं जाऊन बसायचं."

"आवडेल तुम्हाला पुण्याला?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर हाय त्यो. तितं मी काय करू? खिडकीतनं गाड्या मोजू?"

मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून आळस जातो असं नाही. हल्ली संगणकाला नुसतं सांगितलं की तो चित्र तयार करून देतो, फोटो काढायची गरज नाही. मी त्यांच्यासमोरच टाइप केलं आणि मिनिटभरात चार ढीग आले. देखणे होते. काकू पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"ही ओली हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मिरची. चमकतीया बघ. ओल्या तिखटाला आठ दिसात बुरशी येती. आन् ही हळद न्हवं, हा गुलाल हाय पिवळा. हिला कण कुठं हाय?"

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. ढिगाला आकार होता, उतार होता, पण कण नव्हता. सगळ्यावर एक तेलकट झाक होती. मी मुकाट्यानं कॅमेऱ्याची बॅग खाली काढली.

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं कोरेगावला उतरले. काकूंचं शेड पत्र्याचं, दार पूर्वेला, आत डंक आणि कडेला पोती. दारातून उन्हाचा एक पट्टा आत आडवा पडलेला, आणि त्या पट्ट्यात बारीक लाल धूळ तरंगत होती. ती खाली बसत नव्हती, वर जात नव्हती, जागच्या जागी जणू श्वास घेत होती. मी दारातच उभी राहिले. असं काही दिसलं की मी कामाचं विसरते, ही माझी जुनी खोड. मग नाकात गेली आणि सटासट सात-आठ शिंका आल्या. आतल्या बायका पोट धरून हसल्या.

खाली काळं घोंगडं अंथरलं आणि त्यावर ढीग घालायला घेतले. काकूंनी तिखटाचं पातेलं आणलं आणि मी कपाळाला हात लावला. तिखटाला तेलाचा हात लावला होता. आमच्याकडं चटणी कुटताना तेलाचा हात लावतातच. रंग खुलतो, धूळ उडत नाही, वर्षभर टिकते. फोटोसाठी म्हणून काकूंनी मुद्दाम दोन बोटं जास्तच लावलं होतं. पाव्हण्यापुढं पोराला तेल लावून भांग पाडून उभं करावं तसं. पण कॅमेऱ्याला ते ओलंच दिसणार होतं, आणि ओलं नको म्हणून तर मी इथवर आले होते.

"काकू, कोरडं कुटा."

"कोरडं कुटलं तर गावभर ठसका लागंल."

"लागू द्या."

लागला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची निम्मी निम्मी घेऊन पुन्हा डंक चालवला, आणि शेजारच्या आजोबांपासून रस्त्यावरच्या म्हशीपर्यंत सगळी खोकली. पण तिखट असं झालं की काय सांगू. जाडसर, मोकळं, मधेमधे बियांचे फिकट तुकडे. ढीग हातानं थापायचा नाही हे मी बायकांना सांगितलं. थापला की कण दबतो आणि नुसता गोळा दिसतो. भांडं वर धरून सावकाश ओतायचं, मिरची आपली आपण बसते, तिचा उतार तीच ठरवते. हळद वेगळी. ती बारीक, एकमेकीला धरून राहणारी, तिचा उतार उभा होतो आणि मधेच एखादी भेग पडून कडा ढासळते. ती ढासळलेली कडा मला इतकी आवडली की मी कुणाला हात लावू दिला नाही. ऊन बाजूनं, अगदी आडवं येत होतं, प्रत्येक कणाची इवलीशी सावली शेजारच्या कणावर पडत होती. कण दिसतो तो त्या सावलीमुळं. ऊन डोक्यावर आलं की ढीग सपाट होतो, कागदी होतो. म्हणजे आमच्या हातात तासभर होता.

आता त्या तासातली गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथं बिघडलं. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते आधी दाखवावं लागतं. माझ्याकडं त्यासाठी एक पांढरं कार्ड असतं. ते ढिगापुढं धरायचं, कॅमेऱ्याला म्हणायचं हे पांढरं, आणि मग बाकीचे रंग तो त्याच्यावरून ठरवतो. जुनं कार्ड मळलं होतं म्हणून मी नवं कोरं नेलं होतं. ते मीच धरणार होते, पण कॅमेरा सोडता येईना म्हणून काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी कार्ड उलटसुलट बघितलं. कोरं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. कोरं काही वापरायला काढायचं तर आधी हळदीकुंकू लावायचं, मग ती साडी असो, वही असो की नवी गाडी. मी तिपाईचा स्क्रू आवळत होते. मान वर करते तो चार कोपऱ्यांना हळदीची चार बोटं.

"काकू, अहो डाग पाडले सगळे."

"शुभ कामाला कोरं कसं गं धरू?"

"पुसा आधी."

त्यांनी पदरानं चटचट पुसलं. कुंकू लावायचं राहिलंच होतं, ते बरं झालं असं मला वाटलं. पुसल्यावर कार्ड पांढरं दिसलं. म्हणजे मला दिसलं. चहूकडं हळद, तिखट, तो उन्हाचा पट्टा, सकाळपासून त्या रंगात बुडालेले माझे डोळे. त्या डोळ्यांना तेव्हा काहीही पांढरं दिसलं असतं. मी कार्डाचा फोटो घेतला, कॅमेऱ्याला म्हटलं हे पांढरं, आणि पुढचा तासभर मी जगात नव्हते. फोटो काढताना मला आवाज ऐकू येत नाही, भूक लागत नाही. फक्त ती ढासळलेली कडा, तिच्या पायथ्याशी उतरून आलेले मिरचीचे पाच-सहा कण, आणि मी. परतीच्या गाडीत खिडकीशी डोकं टेकून झोपले तरी मिटल्या डोळ्यांमागं तेच चाललं होतं.

दुकानात फोटो उघडले आणि माझा चेहरा पडला. कण होता, कोरडेपणा होता, हात लावला तर बोटाला लागेल अशी ती कडा होती. पण हळद मेलेली. बेसनासारखी, वरून जरा हिरवट. मिरची थोडी जांभळट वाटली, पण ब्याडगी गडद असतेच असं म्हणून मी सोडून दिलं. हळदीचं मात्र काय करावं कळेना. चिमूटभर हळद पुडीत बांधून आणली असती तर पडद्याशेजारी धरून बघता आली असती. एवढी साधी अक्कल मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू फोटो बघायला आल्या. मी आदल्या रात्रीपासून त्या फोटोशी झटापट करून वैतागले होते. त्या बसायच्या आत माझं तोंड सुटलं.

"काकू, हळद कुठून घेता तुम्ही?"

"भावाकडनं. सांगलीकडं माझं माहेर. त्याच्या रानातली. हितं आणून मीच दळते."

"मग त्यानं तुम्हाला जुनी घातलीय. नाहीतर शिजवताना बिघडलेली. बघा ना, काही रंग आहे का हिला? मी काय जादू करू? मागच्या वेळी लोक बोलले ते उगीच नसेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हे शेवटचं वाक्य मी बोलले. त्या वाक्याची आठवण झाली की आजही मला माझीच चीड येते.

काकू पडद्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. "तू रोज रंगात असतीस," त्या हळूच म्हणाल्या, "तुला कळतंय." पिशवी उचलली आणि गेल्या. चाचा मशीनच्या खोलीतून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेले.

पुढचा आठवडा मी दुसरीच कामं करत होते. प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं आणि काकूंचा फोन नव्हता. एका सकाळी चाचांनी मशीनवर नवा रोल चढवला. कोरं फ्लेक्स पांढरं शुभ्र असतं, दारातल्या उजेडात डोळ्याला लागतं. कॅमेऱ्याची बॅग आवरताना मी ते कार्ड काढून सहज त्या रोलवर ठेवलं.

कार्ड पिवळं होतं.

फार नाही. हळदीच्या हातानं धुतलेल्या पांढऱ्या रुमालाएवढं. पदरानं पुसताना चार बोटांची हळद सगळ्या कार्डभर सारखी पसरली होती. त्या पिवळ्याला मी कॅमेऱ्यापुढं पांढरं म्हटलं, आणि कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं आज्ञाधारकपणे तेवढं पिवळं प्रत्येक फोटोतून काढून टाकलं. हळदीतून हळद वजा केली. आणि मी काकूंच्या भावाला लबाड ठरवून मोकळी झाले. मी खुर्चीत बसले.

"चाचा, मी गाढव आहे."

"असं कसं म्हणता, ताई," चाचा म्हणाले, आणि रोल सरळ करता करता पुढं म्हणाले, "पण त्या बाईला असं बोलायला नको होतं."

फोटो वाया गेले नव्हते. अगदी सुरुवातीला मी एक कच्चा फोटो घेतला होता, त्याच्या कोपऱ्यात मिरची ओतणाऱ्या बाईच्या हातातला चिनी मातीचा पांढरा वाडगा आला होता. ऊन तेच, जागा तीच. मी संगणकाला तो वाडगा दाखवला, हे पांढरं म्हणून सांगितलं, आणि तीच दुरुस्ती सगळ्या फोटोंना लावली. एका क्षणात हळद परत आली. खोलीत कुणीतरी दार उघडावं तसं झालं. मिरचीचं जांभळटपण गेलं, तिच्यात विटेचा खरेपणा आला. मला रडूच आलं, त्यात आनंद किती आणि लाज किती ते सांगता येणार नाही.

पण पडद्यावरची हळद ही फ्लेक्सवरची हळद नव्हे. तिथं शाई असते चार रंगांची. पिवळी भरपूर, तिच्यात गुलाबी किती टाकायची यावर सगळं. कमी पडली तर लिंबू, जास्त झाली तर संत्रं, आणि निळीचा थेंब जरी चुकून शिरला तरी हिरवट. मी हातभर लांबीच्या पाच पट्ट्या काढायला सांगितल्या, प्रत्येकीत थोडा फरक.

"थोडं चढवून देऊ?" चाचांनी सवयीनं विचारलं.

"एक टक्कासुद्धा नाही."

"लोक म्हणतील मशीनमध्ये शाई नाही."

"म्हणू देत."

पट्ट्या वाळल्यावर गुंडाळून कोरेगाव गाठलं. शेडचं दार उघडं होतं, पण मुसळं बंद. काकू ओसरीवर गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, कार्ड दाखवलं. चूक माझी आहे, तुमच्या हळदीत काही खोट नाही, असं तीन वेळा म्हटलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उन्हात धरलं, बाजूला ठेवलं.

"लय उशीर केलास गं," त्या म्हणाल्या.

माझ्या दुकानातून निघून त्या परस्पर गाडीत बसून माहेरी गेल्या होत्या. भाऊ खळ्यावर हळद वाळवत होता. तिथंच, कामाच्या माणसांसमोर, त्यांनी त्याला विचारलं होतं, बहिणीला जुनी हळद घालताना तुला काही वाटलं न्हाई का? भावानं हातातलं काम तिथंच टाकलं होतं. घरात जाऊन बसला होता. त्या दिवसापासून त्यानं फोन उचलला नव्हता, आणि काकूंनी बायकांना सांगून टाकलं होतं की साताऱ्याला जायचं नाही.

"चला," मी म्हटलं.

"कुठं?"

"सांगलीला. तुमच्या भावाकडं, मामांकडं. मी सांगते त्यांना."

"आता काय सांगणार तू? शब्द माझ्या तोंडातनं गेलाय."

पण त्या उठल्या. गाडी निवांत चालली होती. कराड मागं गेलं, उसाची हिरवी रानं दोन्हीकडून सरकत होती, आणि काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या की लहानपणी हळद शिजायला लागली की त्यांचा भाऊ त्यांना पाठीवर घेऊन चुलवाणाजवळ न्यायचा, वाफेत उभं करायचा, आणि घरी आल्यावर आई दोघांना पिवळं झालं म्हणून मारायची. हे सांगताना त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. डब्यात ऊन येत होतं जात होतं, आणि मला वाटलं ही गाडी अशीच चालत राहावी, पोचूच नये.

खळ्यावर हळद पसरली होती. पायाखाली, कुंपणापर्यंत, हळकुंडंच हळकुंडं, आणि वरती दुपार. एका कडेला पॉलिशचा पिंप फिरत होता, त्यात हळकुंडांची साल घासून निघत होती आणि आवाज नदीकाठच्या गोट्यांसारखा येत होता. मामा पिंपाजवळ उभे होते. बहिणीला बघितलं, पिंप बंद केला, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "कोन पायजे?"

मी सांगितलं. बॅनर, फोटो, कार्ड, पदर, सगळं. माझ्या तोंडाला एरवी फेस येत नाही, त्या दिवशी आला. मामा ऐकत होते का नव्हते कळत नव्हतं. शेवटी मी पट्ट्या जमिनीवर उन्हात पसरल्या आणि दगड ठेवले. "मामा, यातली तुमची हळद कुठली तेवढं सांगा. नसेल तर तसं सांगा, मी परत छापते."

ते आत गेले आणि घरची दळलेली हळद मुठीत घेऊन आले. उकिडवे बसले. पहिल्या पट्टीवर चिमूट टाकली. पिवळ्यावर पिवळा डाग स्पष्ट दिसला. दुसरीवर टाकली, तीही दिसली. तिसरीवर कमी. चौथीवर त्यांनी टाकली आणि आम्ही तिघंही वाकलो. टाकलेली चिमूट दिसेना. छापलेला कण कुठला आणि खरा कण कुठला, ते बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. मामांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला लागतोय म्हणत्यात," ते पट्टीकडंच बघत म्हणाले. "आमच्या भैनीला लागला."

काकू मागं उभ्या होत्या. "चुकलं रं माझं," त्या म्हणाल्या.

मामा उठले, हात झटकले, आणि मला म्हणाले, "केवढा हाय बॅनर?"

"दहा बाय पाच."

"मग बांबू लागत्याल. त्या मांडववाल्यांच्या दोरीवर काय खरं न्हाई. हिला सांगा, मी येतो साताऱ्याला." काकू तीन हातांवर उभ्या होत्या, पण निरोप माझ्यामार्फत गेला. मग ते आतल्या माणसाला चहा टाकायला सांगायला गेले.

प्रदर्शनाच्या मांडवात आमचा बॅनर अगदीच शांत दिसत होता. डावीकडं लोणच्याचा हिरवागार, उजवीकडं पापडाचा सोनेरी, आणि मधे आमचे दोन कोरडे ढीग. पहिल्या दिवशी सकाळी मला धडकीच भरली. पी हळद आणि हो गोरी असं कुठं असतं का, असं स्वतःला बजावत मी गाळ्यामागं स्टुलावर बसून राहिले. काकूंनी गेल्या सालासारख्याच खाली पराती मांडल्या. मामा बांबूला टेकून उभे.

बायका आल्या. वर बघितलं, खाली बघितलं. मी श्वास रोखून त्यांच्या नजरा बघत होते. पण कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. एकीनं हळदीची चिमूट घेऊन तळव्यावर चोळली, वास घेतला, पुडी उचलली. तिच्यामागची आली. एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी हळद संपली, संध्याकाळपर्यंत तिखटाच्या सात पुड्या उरल्या होत्या. एका बाईनं विचारलं, वर्षाची चटणी कुटून देता का, आणि काकूंनी तिला डंकाचा पत्ता लिहून दिला.

मांडव उतरायला लागला तेव्हा मामा बांबू सोडत होते आणि काकू आणि मी बॅनरची दोन टोकं धरून घडी घालत होतो. मी पुन्हा म्हटलं, "काकू, माझ्यामुळं सगळं झालं. मला माफ करा."

"तू सारखं तेच काय बोलतीस," त्या म्हणाल्या. "तुला पडद्यावर फिकी दिसली, तू फिकी म्हणालीस. तुला काय ठावं. ती हळद मी माझ्या हातानं दळलीवती. मला पिवळीधमक दिसलीवती. त्या भावाच्या पाठीवर बसून मी मोठी झाले. तरी तुझ्या दुकानातनं उठले ती सरळ त्याला चोर म्हणाया गेले." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "तुझा कॅमेरा चुकला, त्याला काय जीव न्हाई. माझे डोळे चुकले न्हवते, पोरी. मीच त्यांचं ऐकलं न्हाई."

मामांनी बांबू खांद्यावर घेतला आणि गाडी किती वाजता आहे म्हणून थेट बहिणीलाच विचारलं.